माणूस कामानं नव्हे, अदलाबदलीनं शिणतो

मागच्या महिन्यात आमच्या भागातल्या हिशेबनीस आणि करसल्लागारांचा एक मेळावा झाला. त्यात एका वक्त्यांनी तासभर जे मांडलं त्याला श्रोत्यांनी टाळ्या दिल्या. मी टाळी वाजवली नाही, आणि का वाजवली नाही हे सविस्तर सांगणं मला भाग आहे.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. एका वेळी एकच काम करायचं ही आता चैन आहे. फोन, व्हॉट्सॲप, ई-मेल, समोरचा ग्राहक आणि हातातलं काम हे सगळं एकदम सांभाळता येणं म्हणजेच आजची कार्यक्षमता. आपल्याकडे अष्टावधानी माणसाचं कौतुक होतं ते उगाच नाही. घरची बाई चार शेगड्यांवर लक्ष ठेवून मुलांचा अभ्यास घेते, मग शिकलेल्या कर्मचाऱ्याला का जमू नये? वारंवार व्यत्यय आला तरी काम मंदावत नाही, उलट वेगानं होतं, असं संशोधन सांगतं. आणि फोन बाजूला ठेवून बसलं तर माणूस आणखीच बेचैन होतो. म्हणून तक्रार करू नका, सवय करा.

मी एकवीस वर्षं इचलकरंजीत हिशेबांचं ऑफिस चालवते. सूतवाले, यंत्रमागधारक, प्रोसेसवाले हे आमचे ग्राहक. आम्ही पाच माणसं आहोत. या वक्त्यांनी सांगितलेली सवय आम्ही बरीच वर्षं केली. तिचा हिशेब मला आकड्यात ठाऊक आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

महिन्याची अठरा तारीख होती. वीस तारखेच्या आत ३बी भरायचं, त्यामुळे टेबलांवर फाइलींचे ढीग. आमच्याकडची एक मुलगी एका सूतवाल्याची बँक जुळवणी करत होती. बँकेचा उतारा डावीकडे, टॅली समोर. एक जमा रक्कम टाकायला तिनं हात उचलला आणि त्याच सूतवाल्याचा फोन आला, जुन्या बिलाची प्रत हवी होती. तिनं ती शोधून व्हॉट्सॲपवर पाठवली. पाठवता पाठवता दुसऱ्याचा ई-वे बिलाबद्दलचा मेसेज दिसला, त्यालाही उत्तर दिलं. चार मिनिटांत ती परत आली आणि नोंद पूर्ण केली. उताऱ्यात १८,४५० होते, तिनं १४,८५० लिहिले.

संध्याकाळी न वटलेले चेक वजा केल्यावरही वही आणि बँक यांच्यात ३,६०० चा फरक राहिला. जुने मुनीम सांगायचे की फरकाला नऊनं भाग गेला तर आधी आकड्यांची अदलाबदल शोधावी. ३,६०० ला नऊनं भाग जातो, चारशे येतात. पण ती नोंद महिन्याभराच्या अडीचशे नोंदींमध्ये कुठे दडली आहे हे नियम सांगत नाही. दीड तासानं सापडली. चार मिनिटांच्या व्यत्ययाची किंमत दीड तास झाली, पण मला लागलं ते त्या मुलीचं बोलणं. ती म्हणाली, ‘मॅडम, दिवसभर बसून होते, तरी काहीच केलं नाही असं वाटतंय, आणि डोकं मात्र पार शिणलंय.’

या एका वाक्यात माझा सगळा मुद्दा आहे. त्या दिवशी काम जास्त नव्हतं. एका कामातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात उड्या मारणं जास्त होतं, आणि ते कुठल्याच वहीत दिसत नाही. आता वक्त्यांचे मुद्दे एकेक करून घेते.

पहिला मुद्दा अष्टावधानाचा. ही परंपरा तेलुगू, कन्नड आणि संस्कृत काव्यसभांमध्ये जिवंत आहे आणि तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तिथे प्रत्यक्षात काय घडतं ते पाहावं. अवधानी मध्ये बसतो, भोवती आठ पृच्छक. एक जण समस्या देतो, म्हणजे शेवटचा चरण देऊन वरचा श्लोक मागतो. एक जण शब्द देतो, ते श्लोकात गुंफायचे. एक जण अक्षरं वर्ज्य करतो. एक जण मधूनच घंटा वाजवतो, तिचे ठोके लक्षात ठेवायचे. आणि एक पृच्छक असा असतो की त्यानं मध्येच असंबद्ध प्रश्न विचारून अवधान्याला विचलित करायचं. अवधानी फेरीफेरीनं जातो, बहुतेकांना एका फेरीत श्लोकाचा एकेक चरण देतो आणि शेवटी सगळे श्लोक सलग म्हणून दाखवतो.

म्हणजे आठ निरनिराळी कामं एकाच क्षणी चाललेली नसतात. काम मुख्यतः एकच असतं, छंदात रचना करणं, आणि तेही पाळीपाळीनं. त्यासाठी आयुष्याची साधना लागते, सभा ठरलेल्या वेळी सुरू होते आणि ठरलेल्या वेळी संपते. सर्वांत महत्त्वाचं हे की मध्ये बोलणारा पृच्छक तिथे अडथळा म्हणूनच बसवलेला असतो. व्यत्ययानं बुद्धीवर ताण येतो हे त्या परंपरेला पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर तिनं त्याला कसोटीचं स्थान दिलं. जी गोष्ट असामान्य माणसाची काही तासांची परीक्षा आहे, ती वीस हजार पगाराच्या मुलीकडून रोज आठ तास मागायची, हा त्या परंपरेचा अर्थ नव्हे.

सरावानं जमेल, असंही वक्ते म्हणाले. वाचकांनी एक छोटा प्रयोग घरीच करावा, घड्याळ लावून. एक ते वीस अंक भरभर म्हणा. मग ‘क’पासून ‘न’पर्यंत वीस व्यंजनं म्हणा. दोन्हींना लागलेल्या वेळांची बेरीज करा. आता तेच चाळीस उच्चार आलटूनपालटून म्हणा, एक क, दोन ख, तीन ग असे. ‘सात छ’, ‘आठ ज’च्या आसपास जीभ थांबते, आणि ‘अकरा ट’नंतर पुढचं व्यंजन कोणतं हे मागून आठवत यावं लागतं. अंकही तेच, अक्षरंही तीच, दोन्ही आपण पहिलीत पाठ केलेली. वाढलेला वेळ निव्वळ अदलाबदलीचा आहे.

हे मोजण्याची सुरुवात आर्थर जर्सिल्ड या मानसशास्त्रज्ञानं १९२७ सालीच केली होती. पुढे १९९५ मध्ये रॉजर्स आणि मॉन्सेल यांनी ते बारकाईनं तपासलं. पडद्यावर एक अक्षर आणि एक अंक जोडीनं दिसे. कधी अंक सम की विषम ते सांगायचं, कधी अक्षर स्वर की व्यंजन ते. काम केव्हा बदलणार हे आधीपासून ठाऊक होतं, आणि बदलाआधी तयारीला एक सेकंदाहून जास्त वेळही दिला. तरीही बदलानंतरच्या पहिल्या उत्तराला जास्त वेळ लागत राहिला. तयारीनं तो कमी झाला, पण शून्य झाला नाही. कारण मनाला नव्या कामाचा नियम पुढे आणावा लागतो आणि जुन्याचा मागे सारावा लागतो, आणि जुना नियम लगेच मागे जात नाही. तिथे सम-विषम ओळखायचं होतं. इथे सूतवाल्याच्या जुळवणीतून ई-वे बिलाच्या नियमात जायचं आणि परत यायचं असतं. सरावानं हा खर्च घटतो, पण कुणाचाही माफ होत नाही.

दुसरा मुद्दा स्वयंपाकघराचा. मी ऑफिसही चालवते आणि स्वयंपाकही करते, तेव्हा यावर अधिकारानं बोलते. भात कुकरमध्ये शिजत असताना मी भाजी चिरते, हे खरं. पण भात शिजवणं तेव्हा माझं काम नसतं, ते कुकरचं असतं. चिरणं हाताला इतकं सवयीचं झालेलं असतं की त्याला विचार लागत नाही. लक्ष मागणारं काम एकच उरतं, शिट्ट्या मोजणं. आता त्याच वेळी फोनवर बहिणीशी बोलायला लागा. दोन मिनिटांनी घरातल्या प्रत्येकाला विचारावं लागतं, ‘किती झाल्या गं शिट्ट्या?’ आवाज कानावर पडलेला असतो, पण मोजलेला नसतो. मोजणारं मन आणि बोलणारं मन एकच आहे, आणि ते बोलण्यात गुंतलेलं होतं. दूध उतू जातं ते याच क्षणी, भाजीत मीठ दोनदा पडतं तेही याच क्षणी.

तेव्हा घरची बाई सगळं एकदम करते असं म्हणणं हे निरीक्षण म्हणून चूक आहे. ती भराभर पाळ्या बदलते, आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकताना जो शीण जाणवतो तो त्या बदलांचा असतो. तिच्या शीणाला कौशल्य म्हणून गौरवायचं आणि तोच शीण ऑफिसातल्या मुलींकडूनही मागायचा, हे मला मान्य नाही.

तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार आहे, कारण तो निम्मा खरा आहे. व्यत्यय आलेली माणसं काम लवकर संपवतात, असं एका प्रयोगात खरंच आढळलं. ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००८ मध्ये प्रसिद्ध केला. अठ्ठेचाळीस जणांना ई-मेलना उत्तरं देण्याचं काम दिलं होतं. काहींना शांतपणे करू दिलं, काहींना मध्येच फोन आणि मेसेजनं थांबवलं. व्यत्यय आलेल्यांनी कमी वेळात काम उरकलं, चुकाही वाढल्या नाहीत. वक्त्यांनी इथपर्यंत सांगितलं आणि ते थांबले.

त्याच प्रयोगात पुढे असं आहे की व्यत्यय आलेल्यांना जास्त ताण, जास्त चिडचिड, वेळेचा जास्त दबाव आणि जास्त श्रम जाणवले, आणि तेही अवघ्या वीसेक मिनिटांच्या कामात. त्यांनी उत्तरं आखूड लिहिली आणि गमावलेला वेळ भरून काढायला स्वतःला पळवलं. वेग वाढला खरा, पण तो मनाच्या खात्यातून उचल घेऊन वाढवलेला होता. आम्ही हिशेबाची माणसं. नफा दाखवताना कर्ज लपवलं तर त्याला आपण ताळेबंद म्हणत नाही.

शिवाय तो प्रयोग साध्या ई-मेलचा होता. जिथे चूक महागात पडते तिथे काय होतं ते सिडनीच्या दोन रुग्णालयांत पाहिलं गेलं. जोहाना वेस्टब्रुक यांच्या गटानं ९८ परिचारिकांना औषधं देताना निरखलं, एकूण ४,२७१ वेळा. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत निम्म्याहून अधिक वेळा औषध देताना कुणीतरी मध्ये बोललं होतं, आणि दर व्यत्ययामागे औषधाच्या चुका सुमारे बारा-तेरा टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. आमच्या ३,६०० च्या फरकानं कुणी दगावत नाही. पण मन तेच आहे आणि ते चुकण्याची रीतही तीच.

इथे माझ्याच बाजूच्या लोकांची एक अतिशयोक्ती दुरुस्त करते. ‘एका व्यत्ययानंतर पुन्हा लक्ष लागायला तेवीस मिनिटं लागतात’ असं सर्रास सांगितलं जातं. त्याच मार्क यांच्या गटानं २००५ मध्ये ऑफिसांत बसून जी निरीक्षणं केली, त्यात सोडलेल्या कामाकडे माणूस सरासरी सुमारे पंचवीस मिनिटांनी परत येत होता. पण ही मिनिटं लक्ष गोळा करण्यात जात नव्हती. मध्ये तो आणखी दोनेक कामांत शिरत होता. म्हणजे एका फोनमागून एक मेसेज, त्यामागून एक बिल. आमच्या त्या मुलीच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. व्यत्यय एकटा येत नाही, तो आपल्यामागे रांग घेऊन येतो.

शीण येतो कुठून याचं मला पटलेलं उत्तर सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये मांडलं. काम अर्धवट सोडून दुसरं हाती घेतलं की लक्षाचा काही भाग पहिल्याच कामात मागे राहतो. लक्षाची ही शिल्लक दुसऱ्या कामाची गुणवत्ता खाली आणते. दिवसभरात अशा वीस शिल्लका साठल्या की संध्याकाळी प्रत्येक काम थोडं थोडं डोक्यात चालू असतं आणि पूर्ण झाल्याचं समाधान एकाचंही नसतं. ‘काहीच केलं नाही आणि डोकं शिणलंय’ या वाक्याचा अर्थ हाच.

या निदानातूनच उपाय निघतो, आणि तो आम्ही केला. सकाळी साडेदहा ते बारा आणि दुपारी तीन ते साडेचार या दोन बैठका आम्ही एका कामासाठी राखल्या. बैठकीत एका ग्राहकाची एकच फाइल. या वेळात ऑफिसचा फोन एकच व्यक्ती घेते, तिची पाळी रोज बदलते. ती नाव, काम आणि परत फोन करण्याची वेळ वहीत लिहून घेते. पाळीवरच्या माणसाला जुळवणीचं काम द्यायचंच नाही, टपाल आणि फाइलिंग द्यायचं. बाकीच्यांचे मोबाइल कपाटाच्या वरच्या खणात.

दोन नियम मी हट्टानं पाळायला लावले. एक, सुरू केलेली नोंद पूर्ण केल्याशिवाय मान वर करायची नाही. अर्धी नोंद सोडणं हेच आमच्याकडच्या बहुतेक उलट्या आकड्यांचं मूळ निघालं. दोन, खरंच उठावं लागलं तर उठण्यापूर्वी चिठ्ठीवर तीन ओळी लिहायच्या, कुठपर्यंत आले, पुढची पायरी कोणती, काय अडलंय. ‘बारा तारखेपर्यंत टिक केलं, पुढे तेरापासून, चेकची एक एन्ट्री उताऱ्यात नाही, पार्टीला विचारणे’ एवढं पुरे. लरॉय आणि ग्लॉम्ब यांनी २०१८ मध्ये दाखवलं की परतल्यावर काय करायचं हे मिनिटभरात लिहून ठेवलं तर मन पहिल्या कामाला तितकं चिकटून राहत नाही. लिहिलेलं कागद सांभाळतो, मग मनाला सांभाळावं लागत नाही.

पहिला आठवडा कठीण गेला हेही सांगते. बाहेरचा फोन थांबल्यावर आतला सुरू झाला. दहा मिनिटांत हात खणाकडे जाई, अमक्याला मेल पाठवायची राहिली हे आठवे. मार्क यांच्या निरीक्षणांतही जवळजवळ निम्मे व्यत्यय माणसानं स्वतःच स्वतःला आणलेले होते. त्यावर आम्ही शेजारी कच्ची वही ठेवली. आठवलं की तिथे एक शब्द टाकायचा आणि परत फाइलीत. बैठक फसते आहे हे ओळखायच्या खुणाही कळल्या. तीच ओळ तिसऱ्यांदा वाचली जाते, किंवा एखादी खिडकी उघडून ‘कशाला उघडली?’ असा प्रश्न पडतो. त्या क्षणी रेटायचं नाही, उठून पाणी प्यायचं.

आता शेवटचा मुद्दा, फोन दूर ठेवला की बेचैनी वाढते. यातही तथ्य आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २३७ जणांच्या फोनवरच्या सूचना दोन आठवडे निरनिराळ्या रीतींनी दिल्या. ज्यांच्या सूचना पूर्ण बंद केल्या त्यांची चिंता वाढली. वक्ते इथवर बरोबर आहेत. पण ज्यांना त्या दिवसातून तीनदा, ठरलेल्या वेळी, एकत्र मिळाल्या त्यांचा ताण कमी झाला आणि लक्ष लागल्याचं त्यांनी सांगितलं. म्हणजे निष्कर्ष सूचना दिवसभर वाजू द्याव्यात असा निघत नाही. माणसाला बेचैन करते ती अनिश्चितता. बारा वाजता फोन हातात येणार हे ठाऊक असलं की साडेदहाला तो सोडवतो.

याच कारणानं मी लांबच लांब बैठकांच्या विरुद्ध आहे. दुसऱ्या एका पाहणीत लक्ष विचलित करणाऱ्या गोष्टी आठवडाभर बंद केल्यावर, ज्यांचा स्वतःवर आधीच चांगला ताबा होता त्यांना कामाचं ओझं जास्त वाटलं, कारण ते विश्रांतीला उठेचनात. दीड तासानं थांबायचं म्हणजे थांबायचं. आणि काही कामं स्वभावतःच तुकड्यांची असतात. बँकेच्या काउंटरवरच्या किंवा औषधाच्या दुकानातल्या माणसाला हा नियम जसाच्या तसा लावता येणार नाही. पण त्याच्याही दिवसात रोकड मोजण्याचे, औषधाचं नाव ताडून पाहण्याचे क्षण असतात, आणि तेवढे क्षण त्याला कुणी हाक मारू नये.

ग्राहक तुटतील ही भीती मलाही होती. एकही तुटला नाही. बारानंतर फोन येतो हे त्यांना कळलं आणि दोन महिन्यांत ते स्वतःच बारानंतर फोन करू लागले. उलटे आकडे आजही सापडतात, पण क्वचित. आणि ती मुलगी हल्ली संध्याकाळी सांगते की आज दोन फाइली हातावेगळ्या केल्या. दमते ती अजूनही, पण कशानं दमली हे तिला सांगता येतं.

म्हणून माझं म्हणणं कर्मचाऱ्यांना नाही, ऑफिस चालवणाऱ्यांना आहे. ‘लक्ष एकाग्र करा’ असा उपदेश करून माणसांच्या खिशातले फोन वाजते ठेवू नका. जाहिरातीत ‘एकाच वेळी अनेक कामं सांभाळण्याची क्षमता’ मागू नका. ती क्षमता कुणातच नसते. असते ती लवकर शिणण्याची तयारी, आणि ती तुम्ही पगारात विकत घेत आहात. त्याऐवजी फोनची पाळी लावा, दिवसातले तीन तास राखून द्या, आणि सुरू केलेली नोंद पूर्ण होईपर्यंत कुणालाही हाक मारू नका, अगदी मालक असलात तरीही.

(लेखिका इचलकरंजी येथे हिशेब आणि करविषयक सेवा देतात.)